आखाजीची तारीख इंग्रजी रकान्यात

“गावात सगळ्यांशी मराठीत बोलता आणि कागद इंग्रजीत भरता, मग लोकांचं बोलणं त्यात नीट उतरतं का?”

उतरतं, पण लगेच तिथल्या तिथे इंग्रजी लिहिलं तर नाही. जिल्ह्याच्या सहकारी बँकेत मी इंटर्न होते. शेतकऱ्यांना आमचं पीक कर्ज गावातल्या विकास सोसायटीमार्फत जातं; तिची कीर्द-खतावणी मराठीत असते, पण भेटीचा तक्ता आणि संगणकातले रकाने इंग्रजीत. ओट्यावर बसले की मी फक्त मराठीत लिहायचे, शक्यतो समोरच्याच्याच शब्दांत. उठण्याआधी ते वाचून दाखवायचे. इंग्रजी संध्याकाळी, शाखेत बसून.

हे का, ते वसुलीच्या एका भेटीवरून सांगते. फेब्रुवारी २०२५, अमळनेरकडचं कोरडवाहू गाव. कापसासाठी घेतलेलं ८० हजारांचं पीक कर्ज, मुदत ३१ मार्च. माझ्या आधी कुणीतरी त्या घरी जाऊन आलं होतं आणि तक्त्यात कारण लिहिलं होतं ‘क्रॉप फेल्युअर’. त्या रकान्यात पर्यायच मोजके: पीक बुडालं, पैसा दुसरीकडे वापरला, हेतुपुरस्सर थकवलं, इतर. शेतकरी म्हणाला असेल, “यंदा कापसानं काही हाती लागलं नाही.” ऐकणाऱ्याने जवळचा पर्याय निवडला.

मी त्या शेतकरी काकांना विचारलं, कापूस किती झाला? झाला होता, बऱ्यापैकी. मग विकला कुठे? तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. “कापूस दिना, पैसा नई उना,” ते म्हणाले. खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याला घरूनच माल मोजून दिला होता. रोख घेतलं तर कमी भाव, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला घेतलं तर क्विंटलमागे थोडा जास्त, असा सौदा. म्हणून बँकेलाही त्यांचं उत्तर तेच होतं: “आखाजीले भरी टाकसू.”

दोन्ही कारणांत पैसा आलेला नाही, पण फाइल वेगळ्या वाटेने जाते. पीक बुडालं म्हटलं की शाखा गावाची पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, बघते. ती ५० पैशांच्या आत असेल आणि शासनाने टंचाई जाहीर केली असेल, तर पीक कर्जाचं मध्यम मुदतीत रूपांतर होऊ शकतं. त्या गावाची पैसेवारी ५० च्या वर होती. म्हणजे तो रकाना तसाच राहिला असता तर काकांना सवलत मिळाली नसतीच, आणि व्यापाऱ्याकडे अडकलेल्या पैशाचा शोधही कुणी घेतला नसता.

आणि ‘आखाजी’. ती दरवर्षी तिथीने सरकते, पण ३१ मार्चच्या आत कधीच येत नाही. त्या वर्षी ती ३० एप्रिलला होती. सण खान्देशात हिशेब मिटवायची खूणगाठ असतो, त्यामुळे काकांच्या लेखी हा वायदा अगदी पक्का होता. तक्त्यात मात्र मी सणाच्या नावापुढे तारीख लिहिली आणि मुदत उलटून किती दिवस होतात तेही. वेळेत फेडणाऱ्यालाच केंद्राची ३ टक्के व्याज सूट मिळते. राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजनाही वेळेत फेडणाऱ्यासाठीच आहे. दोन्ही मिळाल्या तर ३ लाखांपर्यंतच्या कर्जाला शेतकऱ्याला व्याज जवळपास पडत नाही. चुकल्या तर ८० हजारांवर ७ टक्क्यांनी वर्षाचे ५,६०० रुपये. व्यापारी आखाजीसाठी जो जास्तीचा भाव देणार होता, त्यातला मोठा वाटा यातच जाणार होता. हा हिशेब काकांपुढे कुणी मांडलाच नव्हता.

सोसायटीचं काम बघणाऱ्या गटसचिवांना मी वहीचं पान दाखवलं. ते काकांना घेऊन व्यापाऱ्याकडे गेले. त्याने निम्मे पैसे आधी दिले. बाकीसाठी काकांनी नुकतीच निघालेली दादर ज्वारी विकली आणि मार्चअखेर पूर्ण भरणा झाला. मला याचं फार समाधान आहे.

जमिनीबाबत मी थोडक्यात उरकते. कुणी बिघ्यात सांगतं, कुणी एकरात. तोंडी आकड्याचं हेक्टर मी करत नाही, सातबाऱ्यावरचा हेक्टर-आरचा आकडाच घेते. नाव मात्र आधार, पासबुक आणि सातबारा समोर ठेवूनच इंग्रजीत लिहावं, कारण एका अक्षराच्या फरकाने अनुदान दुसरीकडे अडकतं.

कारणाच्या रकान्यात त्या दिवशी ‘इतर’ निवडलं आणि शेऱ्यात माल कधी दिला, कुणाकडे, पैसे कधी येणार, हे तारखांसह दोन ओळींत लिहिलं. शेऱ्याची जागा एवढीच. म्हणून अशा भेटींच्या मराठी पानाची झेरॉक्स मी गटसचिवांकडे द्यायचे, कारण पुढच्या हंगामात त्या घरी जाणारा माणूस आधी त्यांनाच विचारतो.