कॅमेरा घ्यावा की नवा फोन? गॅदरिंगच्या एका फोटोने ठरवलं

लेकीच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिसऱ्या रांगेतून मी तिच्या नाचाचे साठेक फोटो काढले. घरी येऊन पाहिलं तर हातांच्या जागी धुरकट पट्टे आणि चेहरा मेणाचा. फोन तीन वर्षांचा होता, म्हणून बायको म्हणाली, नवा घे. मला मात्र कॅमेऱ्याचे वेध लागले होते.

दुकानात जायच्या आधी मी वर्षभरातले बिघडलेले फोटो काढून बसलो. गॅलरीत फोटोची माहिती उघडली की शटर किती वेळ उघडं होतं ते दिसतं. नाचाच्या फोटोंत ते होतं 1/40 सेकंद. गिरकी घेणाऱ्या मुलीसाठी निदान 1/250 हवं. उन्हातले, सहलीतले, वाढदिवसाचे फोटो जवळपास सगळे ठीक होते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात फ्लॅशला मनाई, उजेड अगदी कमी, तरी पद्मपाणीचा फोटो छान आला होता. भिंत हलत नाही. फोन पाठोपाठ अनेक फोटो घेतो आणि एकावर एक बसवतो. नाचणारी मुलगी त्याला तेवढी सवड देत नाही.

म्हणजे माझी अडचण एकच होती: कमी उजेड, हालचाल आणि अंतर, तिन्ही एकदम.

भाचीचा नवाकोरा फोन मागून घेतला. त्याला 3x झूमची वेगळी लेन्स आहे. संध्याकाळी दिवाणखान्यात लेकीला उड्या मारायला लावल्या, 3x वर ठेवलं आणि त्या झूमच्या लेन्सवर बोट धरलं. स्क्रीनवर अंधार व्हायला हवा होता. चित्र जसंच्या तसं! फोनने गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र मधून कापून मोठं केलं होतं. ट्यूबलाइट लावून बल्बही पेटवल्यावर मात्र बोट दिसलं. उजेड कमी झाला की बरेच फोन असं करतात, आणि शाळेच्या हॉलमध्येही हेच झालं असतं.

हे कापणं महागात पडतं. चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, साधारण 10 बाय 7 मिलिमीटर असतो. 3x साठी त्याचा मधला नववा हिस्साच उरतो, मसुराच्या दाण्याएवढा. लेन्स बदलता येणाऱ्या बहुतेक साध्या कॅमेऱ्यांत एपीएस-सी मापाचा सेन्सर असतो, 23 बाय 15 च्या आसपास, म्हणजे त्या दाण्याच्या चाळीसेक पट. एवढ्यावर मी कॅमेरा घेऊनच टाकला असता.

पण मेहुण्याचा जुना डीएसएलआर आणून तीच उड्यांची परीक्षा घेतली, तर तिथेही निराशा. त्यावर कॅमेऱ्यासोबतच मिळणारी नेहमीची 18-55 ची किट लेन्स होती. 55 वर, म्हणजे पूर्ण झूमवर, ती f/5.6 च्या पुढे उघडत नाही; f चा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो. 1/250 धरल्यावर आयएसओ, म्हणजे कमी उजेडाचं चित्र कॅमेरा किती उजळवतो तो आकडा, 25600 पर्यंत गेला आणि फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे आले. मेहुणा हसला. "दाजी, कॅमेरा नाही, लेन्स बदला." त्याने 50 मिमी f/1.8 लावून दिली. ही जवळपास दहापट उजेड आत घेते. आयएसओ 2500 वर आला आणि लेकीच्या पापण्या मोजता येतील असा फोटो आला.

तेव्हा कळलं की किट लेन्ससकट कॅमेरा घेऊन झूम न करता घरातले फोटो काढले असते तर फोनपेक्षा फारसं काही वेगळं दिसलं नसतं. फोनची लेन्स f/1.8 ची असते. मोठ्या सेन्सरचा बराचसा फायदा किट लेन्स तिथेच खाऊन टाकते.

शेवटी जुन्या बाजारातून बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आणि 50 मिमी लेन्स घेतली. नव्या फोनच्या निम्म्याहून कमी पैशांत काम झालं. घेताना शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले, ते विचारलं: 21 हजार. अशा बॉडीचं शटर साधारण लाखभर क्लिक धरून बनवलेलं असतं, त्यामुळे चिंता नव्हती. लेन्समध्ये मागून टॉर्च मारून बुरशीचे धागे पाहिले. पहिल्या लेन्समध्ये ते सापडले, ती परत केली. आमच्याकडचा पावसाळा पाहता आता कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत राहतो.

50 मिमीला झूम नाही, म्हणून यंदाच्या गॅदरिंगला अर्धा तास आधी जाऊन स्टेजपासून दहा मीटरवरची खुर्ची पकडली. एवढ्या अंतरावरून आडव्या चौकटीत साधारण पावणेपाच मीटर रुंदी मावते, म्हणजे लेक आणि शेजारच्या दोघी-तिघी. 1/250 ठरवून ठेवलं आणि गिरकी थांबते त्या क्षणी बटण दाबलं. दीडशेपैकी बारा फोटो ठेवण्यासारखे निघाले.

कोकणात गेलो तेव्हा कॅमेरा डब्यातच राहिला. फोनवर भागलं.

बायकोची तक्रार वेगळीच आहे. बाकीच्या आयांनी नाच संपायच्या आत ग्रुपवर फोटो टाकले. आमचे दुसऱ्या दिवशी, कार्ड रीडर शोधून झाल्यावर.