तार ऑफिसातली अक्षरं

"खोटं आहे हे तुला माहीत होतं, मग तिथेच ग्रुपवर का नाही सांगितलंस? अप्पाकाकांना एवढी घाबरतेस?"

घाबरत नाही. गेल्या महिन्यात अप्पाकाकांनी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हार्ट अटॅकबद्दलचा एक खोटा सल्ला पाठवला, तेव्हा तुमच्यापैकी पाच जणांनी हेच विचारलं आणि प्रत्येकाला मी काहीतरी तुटक बोलून गप्प केलं, म्हणून आता नीट लिहिते आहे.

२०२०च्या एप्रिलमध्ये मी ग्रुपवर सांगितलं होतं. वाफ घेतली की विषाणू मरतो, असा तो मेसेज होता, अख्खा कॅपिटलमध्ये. मी रात्रपाळी करून आले होते. अप्पाकाकांचा मेसेज धरून त्याखाली तीन ओळी लिहिल्या: हे खोटं आहे, खात्री केल्याशिवाय पाठवत जाऊ नका, आणि सगळं कॅपिटलमध्ये लिहिणं म्हणजे ओरडणं असतं. दोन मिनिटांत कुणीतरी हसण्याचं चित्र टाकलं. मग आणखी तिघांनी. कोणी ते मी लिहीत नाही, तुम्हाला आठवतंय. पंधरा मिनिटांनी काकांचं उत्तर आलं, त्याच मोठ्या अक्षरांत: 'सॉरी. नोटेड.'

त्यानंतर सात महिने त्यांनी ग्रुपवर एक अक्षर टाकलं नाही. मला ते कळलंच नाही, कारण ज्यांचे मेसेज नकोसे असतात ते बंद झाल्याचं आपल्या लक्षात येत नाही. दिवाळीत पर्वतीच्या घरी गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "हल्ली फोन हातात घेतात आणि परत ठेवतात." काका खुर्चीत बसले होते. मी विषय काढला. ते शांतपणे म्हणाले, "अगं, आमच्या टेलिप्रिंटरला लहान अक्षरं नव्हतीच. तीस वर्षं मी तेच वाचलं, तेच टाइप केलं. ओरडत नव्हतो गं."

मी पाहतच राहिले. काका तार ऑफिसात होते हे मला जन्मापासून ठाऊक होतं. तारेची फॉर्मवर चिकटवलेली कागदी पट्टी आजोबांच्या ट्रंकेत मी पाहिली होती, त्यावर सगळी कॅपिटलच अक्षरं होती. २०१३च्या जुलैमध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा काकांसोबत मीही बातमी वाचली होती. तरी कधी दोन्ही गोष्टी जोडून पाहिल्या नाहीत. मग ते दुसरं वाक्य बोलले, ते मला जास्त लागलं. "आणि आलेला मजकूर आपण बदलायचा नसतो. खरा की खोटा हे पाहायचं काम आमचं नव्हतं. लवकर पोचवायचा, एवढंच." म्हणजे फॉरवर्ड करणं हा त्यांचा आळस नव्हता, ती त्यांची नोकरी होती. मी चाळीस माणसांसमोर त्या नोकरीला चूक म्हटलं होतं.

आता गेल्या महिन्याचा मेसेज. तुम्ही एकटे असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा, म्हणजे हॉस्पिटलपर्यंत पोचाल. मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात तिथे, काम करते, त्यामुळे हे कुठून आलंय ते मला माहीत आहे. टेबलावर पेशंटच्या हृदयाचा ठोका अचानक बिघडला आणि तो अजून शुद्धीत असेल, तर डॉक्टर सांगतात, "खोका, जोरात खोका." खोकण्याने छातीतला दाब वाढतो, रक्त मेंदूपर्यंत ढकललं जातं आणि शॉक द्यायला थोडे सेकंद मिळतात. तिथे मॉनिटर असतो, मशीन असतं, माणसं असतात. घरी एकट्याला यातलं काही नसतं. हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनी बंद झालेली असते, ती खोकून उघडत नाही. आणि हृदय खरंच थांबलं तर माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, मग खोकणार कोण? खोकत बसलेला माणूस फोन करायचा राहून जातो, हा खरा धोका.

मेसेजवर दोन बाणांची खूण होती, म्हणजे तो कित्येक हातांतून आलेला. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. काकांनी तो आपल्या ग्रुपवर वेगळा आणि त्यांच्या निवृत्त मित्रांच्या ग्रुपवर वेगळा पाठवला होता. इतकी खटपट त्यांनी आपल्या काळजीपोटी केली होती.

सकाळचे पावणेसात. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. त्यांना एकट्यांना लिहिलं: "अप्पाकाका, नमस्कार. तुमचा हृदयाचा मेसेज वाचला. एकटं राहणाऱ्यांची आठवण तुम्हालाच आली. त्यातली खोकण्याची गोष्ट मात्र आमच्या लॅबमध्ये डॉक्टर समोर असतानाच चालते, घरी त्यात वेळ जातो. घरी काय करायचं ते खाली लिहिलंय. तुम्हाला पटलं तर तुमच्या नावाने टाकाल का? तुमचं सगळे वाचतात." खाली चारच ओळी: १०८ला फोन. शेजाऱ्यांना हाक. दाराची कडी काढून बसून राहा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

कॅपिटलचा उल्लेख केला नाही, लिंक दिली नाही. लिंक दिली की समोरच्याला परीक्षेला बसवल्यासारखं होतं. मेसेज काढून टाका असंही म्हटलं नाही. तो सगळ्यांसाठी काढायला दोन दिवसांहून जास्त मुदत असते, पण काढल्यावर त्या जागी 'मेसेज काढला' अशी खूण राहते आणि मग चाळीस जण विचारतात, काय होतं? त्यापेक्षा खाली बरोबर गोष्ट यावी.

खुणा निळ्या होईनात. काका टेकडीवर गेले होते, फोन घरी. मी स्वतःला नऊपर्यंतची मुदत दिली. तोवर काही झालं नाही तर ग्रुपवर, त्यांचा मेसेज न धरता, 'अप्पाकाकांनी चांगला विषय काढला म्हणून' असं म्हणून त्या चार ओळी टाकायच्या, हे ठरवून ठेवलं होतं. साडेआठला मी फोन केला. त्यांनी पूर्ण ऐकलं. "म्हणजे मजकुरातच चूक आहे," ते म्हणाले. "दुरुस्तीची तार पाठवतो."

नऊला पाच मिनिटं असताना ती आली. माझ्या चार ओळी, इंग्रजीत, सगळ्या कॅपिटलमध्ये.

संदीप म्हणतो, दोन तास दहा मिनिटं तो खोटा सल्ला ग्रुपवर होता, तेवढ्यात कुणाच्या छातीत दुखलं असतं तर? याला माझ्याकडे उत्तर नाही. २०२०मधली मी असते तर पावणेसातलाच लिहिलं असतं आणि आरोग्याच्या बाबतीत ती कदाचित बरोबरच होती. तिने लिहिलेलं चूक नव्हतं, हे मी अजूनही म्हणते. फक्त त्यानंतर सात महिने काकांना काय काय मेसेज येत होते आणि ते कुणाला विचारत होते, हे मला माहीत नाही. बँकेच्या नावाने आलेले, वीज तोडण्याची धमकी देणारे. आता ते असलं काही आलं की आधी मला पाठवतात, खाली एकच शब्द लिहून: 'खरं?' पण हे त्या पावणेसातच्या मेसेजमुळे झालं की दिवाळीतल्या त्या बोलण्यामुळे, हे मी सांगू शकत नाही.

आणि त्यांच्या मित्रांच्या ग्रुपवर ती दुरुस्ती पोचली का, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला.