तीनशे चार रुपयांची चिठ्ठी

लेथवर काम करणारे आमचे एक जुने कामगार पगाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. हातात पगाराची चिठ्ठी होती. रागावलेले दिसत नव्हते. त्यांनी चिठ्ठी सरळ करून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "ताई, खाडे झालेत ते मला मान्य आहेत. पण हे तीनशे चार कसे आले तेवढं लिहून द्या. घरी सांगता आलं पाहिजे."

वडिलांच्या आजारपणात त्यांनी जवळजवळ पूर्ण महिना रजा घेतली होती. एरवी सगळी कपात होऊन त्यांच्या खात्यात २६,७०४ रुपये पडायचे. या महिन्यात ३०४ पडले होते. पगारपत्रक मीच केलं होतं आणि त्यात चूक असेल असं मला वाटलं नव्हतं. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, "लिहून द्या की. आपल्या सहीचं पत्र द्या, म्हणजे शंका राहणार नाही." म्हणून मी पत्र लिहायला बसले.

आधी महिन्याचा हिशेब सांगते. महिना ३१ दिवसांचा होता आणि सोमवारी सुरू झाला होता. म्हणजे ७, १४, २१ आणि २८ असे चारच रविवार, आणि कामाचे दिवस २७. हे २८ तारखेपर्यंत आलेच नाहीत. शेवटचे तीन दिवस, २९, ३० आणि ३१, पूर्ण भरले. कामाच्या दिवसांचे खाडे २४. त्यांच्या नावावर दोन दिवसांची भरपगारी रजा शिल्लक होती, ती वापरली. उरले २२ दिवस बिनपगारी.

पगार ठरलेला ३१,२०० रुपये. त्यात मूळ पगार २०,८०० आणि भत्ते १०,४००. नेमणूकपत्रात लिहिलं होतं की एका दिवसाचा पगार महिन्याच्या पगाराला २६ ने भागून धरला जाईल. म्हणजे दिवसाचे १,२००. बावीस दिवसांची कपात २६,४००, उरले ४,८००. त्यातून भविष्यनिधीचे २,४९६ आणि उचलीचा हप्ता २,०००. शिल्लक ३०४. चिठ्ठीत हेच होतं. मी तेच पत्रात उतरवलं, मालकांची सही घेतली आणि दुपारी त्यांना दिलं.

त्यांनी पत्र तिथेच उभं राहून वाचलं. मग माझ्या टेबलावरची पेन्सिल घेतली आणि पत्राच्या मागच्या बाजूला दोन आकडे मांडले. तीन दिवस काम, दोन दिवस रजा, मिळून पाच. पाच गुणिले बाराशे, सहा हजार. "तुम्हीच लिहिलंय दिवसाचे बाराशे. मग पाच दिवसांचे अठ्ठेचाळीसशे कसे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझा हिशेब बरोबर होता आणि त्यांचाही. फरक बरोबर एका दिवसाचा होता. मी त्यांना म्हटलं, "दादा, मला आजचा दिवस द्या."

संध्याकाळपर्यंत मला ते उमगलं. मी वरून खाली येत होते, म्हणजे पूर्ण पगारातून न आलेले दिवस वजा करत होते. ते खालून वर जात होते, भरलेले दिवस मोजत होते. या दोन वाटा एकाच आकड्यावर तेव्हाच मिळतात, जेव्हा त्या महिन्यात कामाचे दिवस बरोबर २६ असतात. या महिन्यात ते २७ होते. बावीस बिनपगारी आणि पाच पगारी मिळून सत्तावीस, आणि पगाराचे तुकडे मात्र सव्वीसच केलेले. सत्ताविसाव्या दिवसाचा तुकडाच नव्हता, आणि तो त्यांच्या वाट्यातून गेला होता.

हा २६ चा आकडा आभाळातून पडलेला नाही. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ रविवार काढले की ३१३ उरतात, त्याला बाराने भागलं की २६ आणि थोडे वर. सरासरी म्हणून तो चांगला आहे. पण सरासरी घेऊन एखाद्या महिन्याचा हिशेब केला की ती त्या महिन्याला बसेलच असं नाही. खाडे एक-दोन असले तर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. सत्तावीस दिवसांच्या महिन्यात दिवसाचा खरा वाटा १,१५५ रुपये ५६ पैसे पडतो, आपण कापतो १,२००. एका खाड्यामागे ४४ रुपये ४४ पैसे जास्त. कोण विचारणार? पण खाडे बावीस झाले की तेच ९७७ रुपये ७८ पैसे होतात, आणि ज्याच्या हातात मुळात चार-पाच हजारच यायचे आहेत त्याला ते कळतात.

उलटंही होतं, आणि मला ते मालकांना दाखवायचं होतं, कारण नाहीतर त्यांना वाटलं असतं मी एकाच बाजूने बोलते आहे. अठ्ठावीस दिवसांच्या फेब्रुवारीत चार रविवार गेले की कामाचे दिवस २४. एखादा कामगार पूर्ण फेब्रुवारी बिनपगारी रजेवर राहिला, तर २४ गुणिले १,२०० म्हणजे २८,८०० कापले जातील आणि एक दिवसही न भरता त्याला २,४०० रुपये मिळतील. आणि सत्तावीस दिवसांच्या महिन्यात कुणी एकच दिवस आला, तर सव्वीस दिवसांची कपात म्हणजे पूर्ण पगार, आणि त्या एका दिवसाचं काम फुकट.

दुसरी चूक मला त्याच संध्याकाळी सापडली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. आमच्याकडे भविष्यनिधी मूळ पगाराच्या १२ टक्के कापतात, पण प्रत्यक्ष मिळालेल्या मूळ पगाराच्या, ठरलेल्या नव्हे. पत्रकातलं निधीचं घर मी ठरलेल्या २०,८०० ला जोडून ठेवलं होतं. पूर्ण हजेरी असली की दोन्ही आकडे सारखेच, म्हणून इतके दिवस ते खपून गेलं. पाच दिवसांचा मूळ पगार, दिवसाला ८०० प्रमाणे, ४,००० होतो. त्याचे बारा टक्के ४८०. मी कापले होते २,४९६. निधीचा भरणा अजून गेला नव्हता, म्हणून दुरुस्त करता आलं. पगारपत्रक करणाऱ्यांना मी एकच सांगेन की ज्या महिन्यात कुणाचा पगार फार कमी आला, त्या महिन्यात प्रत्येक कपात आधी कशाच्या टक्क्यांत आहे ते बघा. ठरलेल्या पगाराला चिकटलेली कपात तिथेच उघडी पडते.

रात्री मालकांसमोर दोन्ही कागद ठेवले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "सत्तावीसने भागलं तर?" मी मांडून दाखवलं. पाच दिवसांचे ५,७७७ रुपये ७८ पैसे येतात, आणि वरून मोजा की खालून, तेवढेच येतात. हिशेब म्हणून हीच पद्धत खरी. पण नेमणूकपत्रात आपण २६ लिहून दिलं आहे, दिवसाचे १,२०० हा शब्द आपला आहे. महिना संपल्यावर भागाकार बदलून २२२ रुपये कमी देणं मला पटत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग कपात एकवीसच दिवसांची होते की. खाडे बावीस आहेत." मी म्हटलं, "हो, आणि पत्रात तसंच लिहायचं. लपवलं तर ते पुन्हा पेन्सिल घेतील." ते तयार झाले. पुढच्या महिन्यापासून त्या त्या महिन्याच्या प्रत्यक्ष कामाच्या दिवसांनी भागायचं आणि तसं सगळ्यांना लेखी कळवायचं, हेही ठरलं.

उचलीच्या हप्त्याचं मी सकाळी त्यांनाच विचारलं. या महिन्यात कापू की पुढे ढकलू? त्यांनी पुढे ढकलायला सांगितलं. मग दुसरं पत्र लिहिलं. त्यातला मुख्य भाग असा होता:

"आपणास पूर्वी दिलेल्या पत्रातील हिशेबात आमच्याकडून दोन चुका झाल्या आहेत. दुरुस्त हिशेब पुढीलप्रमाणे आहे. महिन्यात कामाचे दिवस २७ होते. आपण ३ दिवस काम केले, २ दिवस भरपगारी रजा धरली, २२ दिवस बिनपगारी रजा झाली. नेमणूकपत्राप्रमाणे दिवसाचा पगार १,२०० रुपये, त्यामुळे ५ दिवसांचे ६,००० रुपये. पूर्ण पगार ३१,२०० मधून बिनपगारी रजेमुळे २५,२०० रुपये कमी झाले. ही कपात २१ दिवसांइतकी आहे, कारण दिवसाचा दर २६ दिवसांवर ठरलेला आहे आणि महिन्यात कामाचे दिवस २७ होते. भविष्यनिधी ४,००० रुपयांवर १२ टक्के, म्हणजे ४८० रुपये. उचलीचा हप्ता आपल्या सांगण्यावरून पुढे ढकलला आहे. देय रक्कम ५,५२० रुपये. आधी जमा झालेले ३०४ वजा जाता ५,२१६ रुपये आज आपल्या खात्यात भरत आहोत. या ५,२१६ मध्ये एका दिवसाच्या पगाराचे १,२००, निधीत जादा कापलेले २,०१६ आणि हप्त्याचे २,००० आहेत. हप्त्याचे २,००० आपल्या उचलीत बाकी राहतील."

शेवटची दोन वाक्यं मी मुद्दाम घातली. खात्यात एकदम पैसे आले की ती सगळी आपलीच रक्कम वाटते, आणि उचल संपायला एक महिना जास्त लागला की पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. आणि पाच हजार दोनशे सोळा हा आकडा कशाकशाचा मिळून झालाय हे नसतं लिहिलं, तर घरी सांगताना त्यांना पुन्हा अडचण आली असती.

त्यांनी हेही पत्र उभ्या उभ्या वाचलं. पेन्सिल घेतली, मागे तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले, बेरीज केली. ५,२१६ आले. पत्राची घडी घालून खिशात ठेवली. "वडिलांना वाचून दाखवतो. त्यांना वाटतंय त्यांच्यामुळे माझा पगार बुडाला."

त्यानंतर मी मागची पगारपत्रकं काढून बसले. लांब बिनपगारी रजा असलेले महिने निवडले आणि प्रत्येकाचा हिशेब दोन्ही बाजूंनी केला. दोघांना कमी गेले होते. एकाला एक दिवसाचे जास्त गेले होते, ते परत मागायचे नाहीत असं मालकांनी सांगितलं. कमी गेलेल्या दोघांतला एक अजून इथेच आहे, त्याचं पत्र त्याच दिवशी झालं. दुसऱ्याने काम सोडलंय. त्याचा फोन लागला नाही, म्हणून पत्र त्याच्या जुन्या पत्त्यावर टाकलं आणि त्याची फरकाची रक्कम देणी म्हणून वहीत वेगळी लिहून ठेवली आहे.