आमची वाटचाल : डब्ब्यासोबतची चिठ्ठी

आर्वीत 2016 ला मेस सुरू केली तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे बँकेतले दोन बाबू आन शाळेतले मास्तर, एवढंच. मयतीच्या घरी डब्बा पाठवायचं काम आम्ही ठरवून नाही धरलं, ते आपसूक आलं.

पुण्याहून एका पोराचा फोन आला, मित्राचे वडील गेले, मातीला पोचता येत नाही, घरी चौदा माणसं आहेत, चूल पेटली नाही, संध्याकाळचं जेवण पाठवा आन सोबत माझ्याकडून चिठ्ठी पण लिहा. जेवण सोपं होतं, ज्वारीच्या भाकरी, साधं वरण, भात, फोडणी नाही कारण त्यांच्याकडे चालत नव्हती (हे घरोघरी वेगळं असते, म्हणून आधी विचारायचं). चिठ्ठीनंच घाम फोडला. मी अर्धं पान लिहिलं, काळाचा घाला, दुःखाचा डोंगर, सगळं. आमच्या सासूबाईंनी वाचलं आन म्हणे, काहून वं, रडून डोळे सुजलेल्या माणसानं हे वाचायचं का जेवायचं?

मग एवढंच ठेवलं : "भाऊ, काकाजींचं समजलं. मला निघता आलं नाही. चौदा जणांचं जेवण पाठवतोय, वरणाला फोडणी नाही. डब्बे परत करायचे नाहीत, फोन पण करू नको. रविवारी येतो." खाली त्याचं पूर्ण नाव, कारण घरात तिघे त्याच नावाचे असू शकतात.

यातलं डब्ब्याचं वाक्य सगळ्यात कामाचं. नाही लिहिलं तं घरची बाई तेरवीपर्यंत कोणाचा गंज कोणता हेच शोधत बसते. आन "काही लागलं तं सांगा" मी लिहीत नाही, त्या घरात कोणी सांगत नसते, त्यापेक्षा कधी येणार तो वार लिहा. पण येणार असाल तरच.

पुढं ऑर्डरी वाढल्या तं मी शहाणपणा केला आन शंभर कार्ड छापून आणले, "मृतात्म्यास शांती लाभो". त्यातलं एक बौद्ध घरी गेलं. तिथल्या आजोबांनी डब्बा ठेवून घेतला आन कार्ड डब्बा नेणाऱ्या पोराच्या हाती परत दिलं, म्हणे बाईंना सांग, आमच्यात आत्मा मानत नाहीत. चूक माझीच होती, दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. उरलेल्या कार्डांच्या मांगच्या कोऱ्या बाजूवर आता किराण्याची यादी लिहितो.

आता हातानंच लिहितो, बॉलपेननं, कारण जेलपेनची शाई वाफेनं पसरते. चिठ्ठी झाकणाच्या आत नाही, पिशवीच्या कानाला दोऱ्यानं बांधतो. पिन मारत नाही, एकदा भातात निघाली होती. फुलं कोणी सांगितलीच तं गुच्छ नाही, फोटोसाठी झेंडूचा हार देतो, त्याच्या चिठ्ठीत फक्त नाव.

बिल मात्र वेगळं, पाठवणाऱ्याच्या व्हॉट्सअपवर. पिशवीत जाऊ नये म्हणून निघायच्या आधी मी स्वतः हात घालून पाहते.