घोळका कुणाच्या बाजूने उभा राहतो

"वर्गातली मुलं आमच्या मुलाला रोज त्रास देतात. त्रास देणाऱ्याला शाळेने शिक्षा केली की थांबतं का? नाहीतर शाळेने नेमकं करायचं तरी काय?"

समुपदेशक म्हणून माझं पहिलंच वर्ष होतं. सहावीतला एक मुलगा बोलताना अडखळायचा. मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळापाशी वर्गातलाच एकजण त्याची नक्कल करायचा. मला कळलं तेव्हा मी दोघांना समोरासमोर बसवलं, बोलतं केलं, हात मिळवायला लावले. आठवडाभर सगळं शांत होतं. मग नक्कल नळापासून जिन्याखाली गेली, आणि त्या मुलाला 'चुगलखोर' हे आणखी एक नाव मिळालं.

चूक माझी होती. हात मिळवून मिटतं ते भांडण. तिथे दोघांची ताकद साधारण सारखी असते. इथे एकजण दुसऱ्याला घाबरत होता, आणि मी त्या घाबरलेल्या मुलाला त्रास देणाऱ्याच्याच समोर बसवून तक्रार सांगायला लावली होती.

पण मी त्याहून मोठी एक गोष्ट पाहिलीच नव्हती. नळापाशी ते दोघेच नसायचे, सात-आठ जण उभे असायचे. कॅनडात टोरांटोच्या शाळांमध्ये संशोधक डेब्रा पेपलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मैदानावर कॅमेरे लावून आणि मुलांच्या अंगावर मायक्रोफोन देऊन असे प्रसंग टिपले. त्यांतल्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती. मध्ये कुणी पडलं ते जेमतेम १९ टक्के वेळा. मात्र जेव्हा कुणी पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा त्रास दहा सेकंदांत थांबला. हे वाचलं आणि मला तो नळ दिसला. नक्कल करणारा त्या अडखळणाऱ्या मुलाकडे बघतच नव्हता, तो हसणाऱ्यांकडे बघत होता. एकट्याला शिक्षा केली तर तो चार दिवस गप्प बसतो, पण त्याला मोठं करणारं हसू तिथेच राहतं.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाली यांनी याच जागेवर बोट ठेवून 'किवा' नावाचा कार्यक्रम उभा केला. २००९पासून तो तिथल्या शाळांमध्ये देशभर गेला. त्यातली प्रकरण हाताळायची पद्धत मी पुढे माझ्या शाळेत वापरली, आणि ती तुम्हाला सविस्तर सांगावीशी वाटते.

पुढच्या वर्षी सातवीत एका मुलीला चार मुलींनी वाळीत टाकलं होतं. डब्याला बसायला जागा नाही, ती आली की सगळ्या उठायच्या. आधी मी तिच्याशी एकटीशी बोलले. कोण, कुठे, कधीपासून, आणि तेव्हा आजूबाजूला कोण असतं, एवढंच विचारलं. मग एकाच तासिकेत त्या चौघींना एकेक करून बोलावलं. एकीने बाहेर जाऊन दुसरीला सांगायच्या आत दुसरी माझ्यासमोर होती, नाहीतर चौघींची गोष्ट एकच होते. मी कुणावर आरोप केला नाही, बाजूही ऐकत बसले नाही. "तिला शाळेत यायला नको वाटतंय. तू काय करू शकतेस?" असं विचारलं. "मी तिच्याशी नीट वागेन" हे उत्तर मी घेतलं नाही, कारण ते तपासता येत नाही. "डब्याच्या वेळी उठणार नाही" हे घेतलं, आणि सांगणारीच्या समोरच लिहून ठेवलं. त्याच दिवशी वर्गशिक्षिकेने वर्गात वजन असलेल्या तीन मुलींना वेगळं बोलावलं आणि वाळीत टाकलेल्या मुलीच्या शेजारी डबा खायला सांगितलं, एवढंच. पंधरा दिवसांनी मी आधी त्या मुलीला, मग चौघींना पुन्हा भेटले. बहुतेक शाळा ही दुसरी भेट गाळतात, आणि प्रकरण तिथेच पुन्हा सुटतं. फिनलंडमध्ये अशा रीतीने हाताळलेल्या दर चार प्रकरणांपैकी साधारण तीन थांबली, असं त्रास सोसणाऱ्या मुलांनीच सांगितलं.

आता शिक्षकांबद्दल. गोव्याच्या 'संगाथ' या संस्थेने बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात माध्यमिक शाळांमध्ये 'सेहेर' नावाचा प्रयोग केला. परिपाठाला या विषयावर बोलणं, भित्तिपत्रक, मुलांनी चिठ्ठ्या टाकायची पेटी, मुलांचे गट, गरज असेल त्याला समुपदेशन, असं त्याचं स्वरूप होतं. काही शाळांत हे काम खास नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्तीने केलं, काहींत शाळेतल्याच प्रशिक्षित शिक्षकाने. २०१८मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले. नेमलेल्या व्यक्तीच्या शाळांमध्ये वातावरण सुधारलं आणि त्रास देण्याचे प्रकार घटले. शिक्षकांच्या शाळांमध्ये फरक पडला नाही. कार्यक्रम तोच होता.

हे वाचून शिक्षकांना बोल लावू नका. तास, पेपर, निवडणुकीची कामं सांभाळून त्याच माणसाने मधल्या सुट्टीत जिन्याखाली उभं राहायचं, ही अपेक्षाच चुकीची आहे. शिवाय तासाला ओरडणाऱ्या सरांच्या हाती मूल ती चिठ्ठी देत नाही. म्हणून शाळेत गेलात की "तुमचं धोरण काय?" असं विचारू नका. चिठ्ठ्यांची पेटी कोण उघडतं, कोणत्या वारी, आणि त्या माणसाला त्यासाठी किती तासिका मोकळ्या दिल्यात, हे विचारा. मधल्या सुट्टीत कुठे कोण उभं असतं हेही विचारा. मैदानावरची देखरेख आणि पालकांच्या बैठका या दोन गोष्टी असलेल्या कार्यक्रमांचा परिणाम जास्त दिसला, असं टोफी आणि फॅरिंग्टन या संशोधकांनी २०११मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासून मांडलं.

पालक म्हणून तुम्ही फाटकापाशी त्या मुलाला किंवा त्याच्या आईला गाठू नका. प्रकरण दोन घरांचं होतं आणि वर्ग मोकळा सुटतो. वहीत तारीख, जागा, काय झालं आणि बघायला कोण होतं हे लिहा आणि वर्गशिक्षकांना ती वही दाखवा. आणि तुमचं मूल कधी बघ्यांमध्ये होतं असं कळलं, तर "तू नव्हतास ना त्यात?" एवढ्यावर थांबू नका. "तू कुठे उभा होतास?" हे विचारा.

काम सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत तक्रारी वाढतात. आमच्याकडे वाढल्या तेव्हा मुख्याध्यापक अस्वस्थ झाले होते. पण आधी गप्प असलेली मुलं बोलू लागली की असंच होतं. खरं मोजमाप निनावी प्रश्नावलीने होतं. गेल्या दोन महिन्यांत महिन्यातून दोन-तीन वेळा किंवा जास्त त्रास झाला का, हा नॉर्वेच्या डॅन ओल्वेअस यांचा प्रश्न दरवर्षी त्याच महिन्यात, तसाच विचारायचा. सोबत शाळेचा नकाशा द्यायचा आणि भीती वाटते तिथे फुली मारायला सांगायची. आमच्या नकाशावर जिन्याखाली फुल्यांचा ढीग पडला, तेव्हा तिथे दिवा आला आणि शिपाईकाकांची खुर्चीही.

आकडा शून्यावर येत नाही. जगभरच्या अभ्यासांची सरासरी घट १५ ते २० टक्क्यांच्या आसपास आहे, आणि वरच्या वर्गांत हे काम जास्त अवघड जातं. त्यात एक गोष्ट मला फार छळते. संशोधकांना असं दिसलं आहे की वर्गातला त्रास कमी होतो तेव्हा उरलेल्या एकट्या मुलाला तो जास्त लागतो, कारण आता त्याला वाटतं की दोष आपल्यातच आहे. म्हणून प्रश्नावलीचा आकडा उतरला की मी कार्यालयात तो सांगून लगेच वर्गात जाते आणि डब्याच्या वेळी कोण एकटं बसलंय ते बघते.