सात आठवड्यांचं चॅट आणि पन्नास मिनिटांची भेट

"मॅडम, तो तसा नाहीच आहे," खुर्चीत बसता बसताच ती म्हणाली. डेटिंग ॲपवर मॅच झाल्यापासून सात आठवडे रोज चॅट, मग पहिली भेट, आणि पन्नास मिनिटांत सगळं संपल्यासारखं वाटलेलं. तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

समुपदेशनात असं वाक्य कानावर आलं की मी आधी वय, फोटो, लग्न झालंय की नाही आणि नोकरी यांतलं काही खोटं निघालं का, ते विचारते. खोटं निघालं असेल तर ती सरळ फसवणूक असते, आणि तिथे आणखी एक संधी वगैरे द्यायची नसते. इथे सगळं खरं होतं. फोटोसुद्धा अलीकडचे होते.

मग मी तिला कागदावर मधोमध उभी रेघ मारायला सांगितली. डावीकडे भेटीआधी त्याच्याबद्दल जे जे वाटत होतं ते लिहायचं, आणि उजवीकडे ते ज्या मेसेजवरून वाटलं तो चॅटमधून शोधून जसाच्या तसा उतरवायचा. आठवणीतून लिहायचं नाही, कारण आठवणीत मेसेज आणि आपण लावलेला अर्थ एकमेकांत मिसळून गेलेले असतात. तिने डावीकडे अकरा गोष्टी लिहिल्या. उजवीकडे चारच भरल्या.

त्यातली एक जोडी मी विसरू शकत नाही. डावीकडे होतं, 'खूप हळवा, मनातलं मोकळेपणाने बोलणारा.' समोर त्याचा रात्री पावणेबाराचा मेसेज होता, 'पाऊस लागला की मला कुणाशी बोलावंसंच वाटत नाही.' तिने तो मोठ्याने वाचला आणि थांबली. भेटीत तो गप्प होता, कपाच्या कानाशी बोटांनी चाळा करत होता, हीच तर तिची मुख्य तक्रार होती. तो कमी बोलतो हे त्याने स्वतःच सांगितलं होतं. तिने त्यात कविता वाचली होती.

हे तिचं एकटीचं वेडेपण नाही. संवादाचे अभ्यासक जोसेफ वॉल्थर यांनी 1996 मध्येच याची मांडणी केली होती. लिहिणाऱ्याला विचार करायला, खोडायला, नेमकं तेवढंच दाखवायला वेळ मिळतो, आणि वाचणारा उरलेल्या जागा आपल्याला हव्या तशा भरतो. त्यातून दोघं एकमेकांना प्रोत्साहनही देत राहतात. समोरासमोर दोन तासांत जे कळतं, त्यातलं बरंच चॅटमध्ये महिनाभरही कळत नाही: बोलण्याचा वेग, मधली शांतता, वेटरशी बोलायची पद्धत, आपण बोलताना त्याचं लक्ष कुठे असतं. या जागा रिकाम्या राहत नाहीत. आपणच त्या भरतो, आणि बहुतेकदा उदार हाताने.

म्हणून मी चॅटचा काळ लांबवू नका म्हणते. साधारण आठवड्याभरात पंधरा-वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल, आणि जमत असेल तर दोन-तीन आठवड्यांच्या आत सार्वजनिक जागी तासाभराची भेट. हे आकडे माझ्या कामाच्या अनुभवातले आहेत, नियम नव्हेत. अंतरामुळे भेट शक्य नसेल तर कॉल वाढवावेत, मेसेज नाही. आणि भेटीआधी रेघेचा तो कागद एकदा भरावा. उजवी बाजू रिकामी असलेल्या ओळींपुढे प्रश्नचिन्ह काढायचं आणि भेटीत त्यांतल्या दोन-तीनच गोष्टींकडे लक्ष द्यायचं. सगळीच यादी घेऊन बसलात तर मुलाखत होते, आणि समोरचा माणूस आक्रसतो.

तिच्या कागदावर आता सात प्रश्नचिन्हं होती. पुन्हा भेटायचं की नाही हे मी सांगितलं नाही, कारण तो निर्णय तिचाच होता. एवढंच म्हटलं, की भेटीत भीती वाटली नसेल, अपमान झाला नसेल, फक्त फिकं वाटलं असेल, तर एका भेटीवरून निकाल देणं घाईचं ठरतं. पहिल्या भेटीत लाजाळू माणूस त्याच्या सर्वात वाईट रूपात दिसतो. दुसऱ्यांदा समोरासमोर बसू नका, चालत बोला. नजरेला नजर द्यायचं ओझं नसलं की कमी बोलणाऱ्यांची जीभ सुटते.

ती दहा दिवसांनी आली, तोच कागद घेऊन. ते दीड तास चालले होते. सातपैकी तीन प्रश्नचिन्हं तिने खोडली होती. दोन प्रश्नचिन्हांपुढे 'नाही' होतं, दोन अजून तशीच होती. आणि खाली एक नवी ओळ होती, जी सात आठवड्यांच्या चॅटमध्ये कुठेच नव्हती: 'रस्ता ओलांडताना माझ्यासाठी थांबतो, पण बोलणं तोडत नाही.' पुढे भेटायचं की नाही, हे तिने अजून ठरवलं नव्हतं. उजवीकडे तिने त्या दिवसाची तारीख घातली होती.