चवथीच्या ऑर्डरला उशीर झाला, तेव्हा लिहिलेले माफीपत्र

2024 साली चवथ 7 सप्टेंबरला, शनिवारी होती. फोंड्यात आमचा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे आणि लेकीच्या घरी पाठवायच्या वज्यासाठी आम्ही नेवऱ्यांच्या 38 ऑर्डर, प्रत्येकी 50 नगांच्या, बुधवारी पोहोचवण्याच्या बोलीवर घेतल्या होत्या. दिवसाला 300 नेवऱ्या होतात, म्हणजे पाच दिवसांत 1500. तरीही मी 1900 चा शब्द देऊन बसले होते. बुधवारी संध्याकाळी 400 नेवऱ्या, म्हणजे आठ ऑर्डर, बाकी राहिल्या.

पहिला मसुदा मी असा लिहिला: ‘अपरिहार्य कारणांमुळे वितरणास विलंब झाला आहे. आपली गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत. लवकरात लवकर माल पोहोचवण्याचा प्रयत्न केला जाईल.’ वहिनीने तो वाचला आणि विचारले, “ह्यात नेवऱ्या कधी येणार ते कुठे आहे?”

मग मी एकेक शब्द तपासला. कारण अपरिहार्य नव्हते, हिशेब मी केला नव्हता. ‘विलंब झाला’ या रचनेत उशीर आपोआप घडतो. ‘मी उशीर केला’ म्हटले की करणारी समोर येते. ‘झाली असल्यास’ हे सर्वांत वाईट, कारण वजे घेऊन जाण्याची तयारी करून बसलेल्या आईची गैरसोय झाली की नाही, अशी शंका मी तिच्याकडेच व्यक्त करत होते.

‘लवकरात लवकर’च्या जागी वेळ लिहायची तर आधी वेळ काढावी लागली. गुरुवारी 300 होणार, उरलेल्या 100 शुक्रवारी पहाटे. नेवरी पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरली तर मऊ पडते, त्यामुळे यापेक्षा घाई शक्य नव्हती. काणकोण, पेडणे अशा लांबच्या सहा घरांना गुरुवारी आणि फोंड्यातल्या दोघांना शुक्रवारी द्यायचे ठरवले. सर्वांना एकच मजकूर पाठवणे चुकीचे ठरले असते, म्हणून ज्यांची ऑर्डर पोहोचली होती त्यांना काहीच पाठवले नाही. लांबच्या घरांना गेलेला संदेश असा होता:

‘नमस्कार. तुमच्या 50 नेवऱ्या आज द्यायच्या होत्या, त्या मी दिल्या नाहीत. झेपतील त्याहून जास्त ऑर्डर मी घेतल्या. चूक माझी आहे आणि मी माफी मागते. उद्या, गुरुवारी संध्याकाळी 7 पर्यंत माझा भाऊ त्या तुमच्या घरी आणून देईल. पोहोचवण्याचे पैसे घेणार नाही. तोवर थांबणे शक्य नसेल तर आज रात्री 9 पर्यंत कळवा, सर्व पैसे आजच परत करते.’

फोंड्यातल्या दोघांच्या संदेशात वेळ ‘शुक्रवारी सकाळी 11 पर्यंत’ अशी होती. त्यातल्या एका बाईंनी पैसे परत मागितले, कारण त्यांना गुरुवारीच लेकीकडे जायचे होते; ते मी लगेच पाठवले. उरलेल्या सात ऑर्डर सांगितलेल्या वेळेत पोहोचल्या.